गिऱ्हाइकाने पाठवलेला क्यूआर कोड

जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढली आणि गिऱ्हाइकाने चॅटवर क्यूआर कोडचे चित्र पाठवून म्हटले, "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील," तर तो माणूस तुम्हाला पैसे देणार नाही, तुमच्याकडून घेणार आहे. यात शंकेला जागा नाही. यूपीआयमध्ये जो कोड स्कॅन करतो आणि पिन टाकतो, त्याच्या खात्यातून पैसे जातात. स्कॅन करणाऱ्याच्या खात्यात समोरच्याचे पैसे यावेत, अशी सोय त्या कोडमध्ये मुळात ठेवलेलीच नाही.

हे इतके साधे असताना शिकलेसवरलेले लोक का फसतात, याचे उत्तर त्यांच्या भोळेपणात शोधू नये. ते आपल्या रोजच्या सवयीत आहे. भाजीच्या गाडीवर, किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी, रिक्षात, देवळाच्या दानपेटीवर आपण कोड पाहतो. तो स्कॅन झाला की दुकानदाराच्या स्पीकरमधून "इतके रुपये मिळाले" असा आवाज येतो. कोड स्कॅन झाला की पैसे मिळतात, असे हे चित्र मनात पक्के बसते. चित्र खरे आहे, पण ज्याचा कोड आहे त्याच्यापुरतेच. दुकानात कोड दुकानदाराचा असतो, म्हणून पैसे दुकानदाराला मिळतात. तुम्ही घरातला दिवाण विकत असता तेव्हा दुकानदार तुम्ही असता; कोड तुमचा असायला हवा आणि स्कॅन गिऱ्हाइकाने करायला हवा. गिऱ्हाईक स्वतःचा कोड पाठवतो तेव्हा तो गल्ल्यावर बसतो आणि तुम्हाला गल्ल्यासमोर उभे करतो. बोलण्याच्या ओघात ही अदलाबदल लक्षात येत नाही. सारी फसवणूक तेवढ्या अदलाबदलीवर उभी असते.

ती कशी घडवली जाते, हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी या फसवणुकीत नेहमी वापरली जाणारी आहे.

समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने जुना सागवानी दिवाण विकायला काढला. मुलीने फोटो काढून जाहिरात टाकून दिली, किंमत लिहिली १२,००० रुपये. दहा-पंधरा मिनिटांत चॅटवर निरोप आला, "अव्हेलेबल है?" बाईंनी हो म्हटले. लगेच पुढचा निरोप: "फायनल कर दो मॅडम, मुझे पसंद है. आपका व्हॉट्सॲप नंबर दीजिए." इथेच एक गोष्ट खटकायला हवी होती. जुने लाकडी सामान घेणारा खरा माणूस आधी भुंगा लागलाय का विचारतो, लांबी-रुंदी विचारतो, जिन्यातून उतरेल का विचारतो, आणि बाराचे दहा करा म्हणून तासभर घासाघीस करतो. या माणसाला यातले काहीच जाणून घ्यायचे नव्हते. त्याला दिवाण नकोच होता.

व्हॉट्सॲपवर आल्यावर त्याने सांगितले की तो लष्करात आहे, नुकतीच पुण्याला बदली झाली आहे, सामान न्यायला युनिटची गाडी येईल. सोबत गणवेशातला फोटो आणि एका ओळखपत्राचे चित्र. लष्करी वेशाचा वापर हे भामटे अनेक वर्षे करत आले आहेत, आणि त्यामागे हिशेब असतो. आपल्या घरांमध्ये जवानाबद्दल आदर असतो. त्याच्याकडे संशयाने पाहणे आपल्यालाच अपराधी वाटते. शिवाय 'मी ड्यूटीवर आहे, भेटायला येऊ शकत नाही' याला आयते कारण मिळते, आणि पुढे पैसे देण्याची पद्धत विचित्र निघाली तर 'आमच्याकडे लष्करी खात्यातून असेच पेमेंट होते' असे सांगता येते.

मग त्याने फोन केला. फोन ठेवू दिला नाही, हे महत्त्वाचे. "मॅडम, आर्मीचं मर्चंट अकाउंट आहे, आधी व्हेरिफिकेशन करावं लागतं. मी पाच रुपयांचा कोड पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, तुम्हाला दहा रुपये मिळतील." बाईंनी कोड स्कॅन केला, पिन टाकला, पाच रुपये गेले. काही सेकंदांत खरोखरच दहा रुपये जमा झाल्याचा निरोप आला. बाईंची खात्री पटली.

त्या दहा रुपयांपाशी जरा थांबायला हवे, कारण सगळे रहस्य तिथे उघडे पडते. बाईंना वाटले, कोड स्कॅन केल्यामुळे दहा रुपये आले. प्रत्यक्षात ते दोन वेगळे व्यवहार होते. पहिल्यात बाईंनी त्याला पाच रुपये दिले. दुसऱ्यात त्याने बाईंच्या मोबाइल नंबरवर, नेहमीच्या पद्धतीने, दहा रुपये पाठवले. त्या दुसऱ्या व्यवहारासाठी बाईंनी काय केले? काहीच नाही. ना स्कॅन, ना पिन. दहा रुपये बिनबोभाट आले, तसेच बारा हजारही आले असते. पैसे यायला आपल्याला काही करावे लागत नाही, याचा पुरावा त्या माणसाने स्वतःच बाईंच्या हातात दिला होता. पण फोनवर तो अखंड बोलत होता, आणि ऐकता ऐकता माणूस विचार करू शकत नाही. फोन चालू ठेवण्याचा हेतूच तो असतो.

पुढचा कोड १२,००० चा आला. चित्रावर एका प्रसिद्ध पेमेंट ॲपचे चिन्ह, खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत "Scan to receive ₹12,000". बाईंनी पिन टाकला आणि खात्यातून १२,००० गेले. त्या घाबरल्या. तो मात्र अजिबात घाबरला नाही. "अरे, तुम्ही टिप्पणीत नाव नाही लिहिलं, म्हणून सिस्टिमने उलटं घेतलं. काळजी करू नका, तुमचे पैसे अडकलेत, गेले नाहीत. आता दुसरा कोड पाठवतो, त्यात मागचे आणि आत्ताचे मिळून एकदम परत येतील." दुसरा कोड स्कॅन झाला, आणखी १२,००० गेले. मग तो म्हणाला, "तुमच्या खात्यात प्रॉब्लेम आहे, घरात दुसऱ्या कोणाचा फोन आहे का?" बाईंनी यजमानांना हाक मारली. यजमानांनी फोन हातात घेतला, पिन टाकायच्या आधी पडद्यावर ज्याला पैसे जाणार त्याचे नाव वाचले, आणि फोन कापला. तोवर २४,००० गेले होते. भामट्याच्या खिशातून गेलेली रक्कम दहा रुपये, आणि त्यातले पाचही आधी बाईंनीच दिलेले.

या सगळ्यात बाईंचा फोन कोणी हॅक केला नव्हता. ॲपमध्ये बिघाड नव्हता. यूपीआयने जे करायला हवे तेच केले. म्हणूनच कोडच्या आत काय असते हे एकदा पाहून ठेवणे उपयोगाचे आहे.

काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या त्या नक्षीत पैसे नसतात, बँकेची परवानगी नसते, कुठला व्यवहार अर्धवट होऊन थांबलेला नसतो. तिथे फक्त एक ओळ लिहिलेली असते. बाईंना आलेल्या कोडमधली ओळ साधारण अशी असेल:

```
upi://pay?pa=namuna@bank&pn=Army%20Payment&am=12000&cu=INR&tn=Receive%20Money
```

सुरुवातीचा `pay` हा शब्द ॲपला सांगतो की पैसे द्यायचे आहेत. `pa` च्या पुढे ज्याला द्यायचे त्याचा यूपीआय आयडी असतो, `pn` च्या पुढे त्याचे नाव, `am` च्या पुढे रक्कम, `cu` च्या पुढे चलन, आणि `tn` च्या पुढे टिप्पणी. आता ही ओळ लिहितो कोण? कोड बनवणारा. यूपीआय आयडी चालू असायला हवा, एवढीच अट. नाव आणि टिप्पणी त्याच्या मर्जीची. 'Army Payment' असे नाव लिहायला लष्कराची परवानगी लागत नाही आणि 'Receive Money' अशी टिप्पणी लिहिल्याने व्यवहाराची दिशा बदलत नाही. ती टिप्पणी म्हणजे मनीऑर्डरच्या फॉर्मवरचा खालचा मजकूर. तिथे काहीही लिहिले तरी पैसे वर लिहिलेल्या पत्त्यावरच जातात. कोडच्या चित्राभोवतीची रंगीत चौकट, ॲपचे चिन्ह, "Scan to receive" ही अक्षरे यांचे तर कोडशी काही नातेच नसते. फोटोवर अक्षरे टाकायचे कुठलेही साधे ॲप ते काम मिनिटभरात करते. तुमचे पेमेंट ॲप ती अक्षरे वाचतही नाही, ते फक्त चौकोन वाचते.

रक्कम आधीच भरलेली असणे हाही त्यातला एक बारकावा आहे. दुकानातला छापील कोड बहुधा रकमेविना असतो. आकडा आपण टाकतो, आणि आकडा टाकताना आपण पैसे देतोय ही जाणीव आपोआप जागी असते. इथे रक्कम कोडमध्येच असते. आपल्याला आकडा टाकावा लागत नाही, आणि पडद्यावर दिसणारे १२,००० आपल्याला अपेक्षित असलेलेच १२,००० असतात. दिवाणाची किंमत आणि पडद्यावरची रक्कम जुळली, की मन म्हणते, हेच ते येणारे पैसे.

कोड नुसता स्कॅन केल्याने मात्र रक्कम कापली जात नाही. स्कॅन केल्यावर ॲप ती ओळ वाचते आणि पैसे देण्याचे पान उघडते. त्यानंतर तुम्ही 'Pay' दाबता, पिन टाकता, तो पिन कुलूपबंद स्वरूपात तुमच्या बँकेकडे जातो, बँक तो तपासते, तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते, आणि मग समोरच्याच्या बँकेला ती जमा करायला सांगितले जाते. या साखळीत पिन तपासणारी बँक तुमची आहे, आणि ती तो तपासते पैसे सोडण्यासाठी. समोरच्या बँकेला रक्कम जमा करून घेताना कोणाचाही पिन लागत नाही. म्हणूनच पिन हा 'मी तोच माणूस आहे' हे सिद्ध करायचा क्रमांक आहे, अशी समजूत धोक्याची ठरते. 'व्हेरिफिकेशन' हा शब्द भामटे मुद्दाम त्याच समजुतीसाठी वापरतात. यूपीआय पिन लागतो तो पैसे देताना, स्वतःची शिल्लक पाहताना, किंवा ऑटोपेसारख्या पुढच्या कपातींना संमती देताना. पैसे घेताना कधीच नाही.

याला एक पुरवणी जोडायला हवी. यूपीआय लाइट चालू असेल तर लहान रकमा पिन न विचारताच जातात, आणि काही ॲपमध्ये आता पिनऐवजी बोटाचा ठसा किंवा चेहराही चालतो. त्यामुळे 'पिन तर मागितला नाही, म्हणजे पैसे जाणार नाहीत' हेही गृहीत धरू नये. कोड स्कॅन करून 'Pay' दाबले की देणारे तुम्ही, एवढे लक्षात ठेवले की पुरते. कोडने पैसे काढून देणारी एटीएमही आता आली आहेत. तिथे यंत्राच्या पडद्यावरचा कोड स्कॅन केला की हातात नोटा येतात खऱ्या, पण तेवढी रक्कम आपल्याच खात्यातून वजा झालेली असते. तिथेही दिशा बदललेली नाही.

यजमानांनी जे नाव वाचले, त्याबद्दल थोडे सांगायला हवे. पूर्वी काही ॲप कोडमधलेच नाव पडद्यावर दाखवत, म्हणजे भामट्याने लिहिलेले. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने, २०२५ मध्ये ॲपना आदेश दिला की पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचे बँकेच्या नोंदीतलेच नाव दाखवायचे. कोडमधून उचललेले किंवा वापरणाऱ्याने स्वतः ठेवलेले नाव दाखवायचे नाही. त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत दिली होती. याचा मोठा फायदा असा, की कोडवर काहीही लिहिलेले असले तरी पिन टाकायच्या आधी एखाद्या अनोळखी व्यक्तीचे नाव समोर येते. फोनवर 'मेजर' म्हणवणाऱ्याचे नाव एक आणि पडद्यावर भलतेच. भामट्यांकडे यालाही उत्तर तयार असते: "ते आमच्या युनिटच्या कॅशियरचं नाव आहे." पण मुद्दा नाव कोणाचे आहे हा नाहीच. त्या पानावर दुसऱ्या कोणाचे तरी नाव आहे आणि त्याच्या शेजारी रक्कम आहे, याचा अर्थ ती रक्कम त्याला जाणार आहे. तुम्हाला पैसे येणार असते, तर हे पान तुमच्यासमोर आलेच नसते.

याच कुळातली एक जुनी युक्ती आता बरीचशी बंद झाली आहे. कोडऐवजी भामटे 'कलेक्ट रिक्वेस्ट' पाठवत, म्हणजे 'मला इतके पैसे दे' अशी मागणी तुमच्या ॲपमध्ये येई आणि ती मंजूर करायला पिन मागितला जाई. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवायची सोय एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून काढून टाकली. ते योग्यच झाले. पण कोड बंद करता येत नाही, कारण सारा बाजार त्यावर चालतो. म्हणून हा दरवाजा आपल्यालाच ओळखून लावावा लागतो.

आता त्या दुसऱ्या बारा हजारांबद्दल. पहिली रक्कम गेल्यावर माणूस थांबेल, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात बरेच लोक सर्वाधिक रक्कम पहिल्या फटक्यानंतरच गमावतात. पहिल्या वेळी त्यांना पैसे मिळवायचे असतात. दुसऱ्या वेळी गेलेले परत मिळवायचे असतात, आणि ती ओढ फार मोठी असते. त्यात समोरचा शांत असतो, त्याला 'चूक कुठे झाली' ते माहीत असते, आणि चूक तुमच्याकडूनच झाल्याचे तो सुचवतो. माणूस ओशाळतो, आणि ओशाळलेला माणूस सूचना पाळतो. इथे एकच गोष्ट पक्की ठाऊक असावी: यशस्वी झालेला यूपीआय व्यवहार दुसरा कोड स्कॅन करून उलटवता येत नाही. 'मागचे आणि आत्ताचे एकत्र परत' असा प्रकार या व्यवस्थेत अस्तित्वातच नाही. ज्याला खरोखर पैसे परत द्यायचे आहेत, त्याला तुमचा मोबाइल नंबर पुरेसा आहे, आणि तो त्याच्याकडे आहे.

ही माणसे एकेकटी बसून सुचेल तसे बोलत नाहीत. त्यांचे संवाद ठरलेले असतात, सिमकार्डे आणि बँक खाती दुसऱ्यांच्या नावावरची असतात. अशा गुन्ह्यांचे धागे अनेकदा राजस्थान आणि हरियाणाच्या सीमेवरच्या मेवात भागापर्यंत गेले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एकाच वेळी छापे टाकले होते. हे सांगायचे ते यासाठी, की फोनवरच्या माणसाला वादात हरवून त्याचे खरे रूप उघडे पाडू, या फंदात पडू नये. त्याने तुमच्यासारखी शेकडो संभाषणे केलेली असतात. फोन ठेवून देणे हेच बरे.

विकणाऱ्याने पैसे घ्यावेत कसे, याची रीत अगदी सोपी आहे. गिऱ्हाईक वस्तू न्यायला आला, त्याने ती पाहिली, भाव ठरला, की आपल्या ॲपमध्ये स्वतःचा कोड उघडून त्याच्यासमोर धरावा. तो स्कॅन करेल, आणि त्याचा पिन त्याच्या फोनवर टाकेल. त्याला आगाऊ काही द्यायचे असेल तर आपला यूपीआय आयडी किंवा नंबर पाठवावा. त्यावरून पैसे पाठवता येतात, काढता येत नाहीत. आपला कोड किंवा आयडी कोणाला दिल्याने खात्याला धोका होईल, ही भीती बाळगायचे कारण नाही. पण चॅटवरून आलेला कोड 'गॅलरीतून उघडून' स्कॅन करायचा, किंवा घरातल्या दुसऱ्याच्या फोनने आपल्या पडद्यावरचा कोड स्कॅन करायचा, असे कोणी सांगू लागला की व्यवहार तिथेच संपवावा. कोड ही समोरासमोर दाखवायची गोष्ट आहे. देणाऱ्याचा कोड घेणाऱ्याने स्कॅन करावा, असा प्रसंग खऱ्या विक्रीत येतच नाही.

पैसे आले की नाही, हे मात्र स्वतःच्या खात्यात पाहून ठरवावे. गिऱ्हाइकाच्या फोनवरचे हिरवे बरोबरचे चिन्ह, त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट, किंवा त्याच्याच सांगण्यावरून वाचलेला एसएमएस यांवर वस्तू सोडू नये. याच फसवणुकीचे एक भावंड असे आहे: "तुमच्या खात्यात १,२०० पाठवायचे होते, चुकून १२,००० गेले, वरचे परत पाठवा." सोबत बँकेसारखा दिसणारा एसएमएस येतो, पण तो एखाद्या साध्या दहा अंकी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. बँकेचे निरोप तसे येत नाहीत. ॲप उघडून शिल्लक पाहिली की खरे-खोटे तिथेच कळते. आणि शिल्लक पाहायची तर समोरच्याने पाठवलेल्या दुव्यावरून नाही, आपण स्वतः ॲप उघडून.

घरात वस्तू विकायची जबाबदारी अनेकदा ज्येष्ठांवर येते, आणि जाहिरात टाकून देतात मुले. जाहिरात टाकताना त्यांना एवढे जरूर सांगावे: पैसे घ्यायचे असतील तेव्हा आपण पिन टाकत नाही. आणि जाहिरातीतच एक ओळ लिहून टाकावी, "वस्तू पाहून, जागेवर पैसे देऊन न्यावी. ऑनलाइन आगाऊ रक्कम नको." भामटे अशा जाहिरातींवर वेळ घालवत नाहीत, खऱ्या गिऱ्हाइकाला त्यात काही वावगे वाटत नाही.

पैसे गेलेच, तर

घड्याळाकडे पाहून काम करावे लागते. गेलेली रक्कम पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाही. ती दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकवली जाते आणि शेवटी एटीएममधून काढली जाते. त्यामुळे नवऱ्याला सांगू का, मुलगा काय म्हणेल, यात तास घालवू नये. पहिला फोन १९३० या क्रमांकाला करावा. सायबर आर्थिक गुन्ह्यांसाठी हा केंद्र सरकारचा मदत क्रमांक आहे. तिथे तुमचा नंबर, तुमची बँक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक विचारतात. हा क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवले की दिसतो. काही ॲपमध्ये त्याला यूटीआर म्हणतात. दोन व्यवहार झाले असतील तर दोन्हींचे क्रमांक द्यावे लागतात, कारण प्रत्येक रकमेचा माग वेगळा काढला जातो. तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिथे पोहोचते. रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती रोखून धरली जाते, पुढे सरकली असेल तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. म्हणूनच दहा मिनिटांत केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यांत फार फरक पडतो. १९३० लागत नसेल तर cybercrime.gov.in या संकेतस्थळावर स्वतः तक्रार भरता येते.

लगोलग आपल्या बँकेला कळवावे, आणि त्यांच्याकडून तक्रार क्रमांक मागून घ्यावा. बँक बहुधा म्हणेल, "पिन तुम्हीच टाकलात, हा तुम्ही मंजूर केलेला व्यवहार आहे." हे ऐकून नाउमेद होऊ नये, पण त्यातले तथ्यही समजून घ्यावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना संरक्षण दिले: चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान मात्र तो बँकेला कळवेपर्यंत त्याचेच राहते. स्वतः पिन टाकून झालेल्या व्यवहारात बँका याच दुसऱ्या बाजूला बोट दाखवतात, आणि पैसे परत मिळण्याचा खरा मार्ग बहुतेकदा रोखून धरलेल्या रकमेतूनच निघतो. तरी लेखी तक्रार करावीच. तिचे उत्तर ३० दिवसांत आले नाही किंवा समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. तुम्ही कळवल्यानंतरही बँकेने किंवा ॲपने हालचाल केली नाही, असा मुद्दा असेल तर तो तिथे नेमक्या वेळेसह मांडावा.

रागाच्या भरात त्या माणसाला ब्लॉक करून चॅट पुसून टाकू नये. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत: जाहिरातीवरचे त्याचे प्रोफाइल, व्हॉट्सॲप नंबर, कोडची मूळ चित्रे, ओळखपत्राचे चित्र, फोनच्या वेळा. कोडचे चित्र तर अवश्य जपावे, कारण पैसे ज्या आयडीवर गेले तो त्यात लिहिलेला असतो. मग प्रोफाइलची तक्रार त्या बाजारपेठेच्या ॲपमध्ये करावी, आणि हे सगळे घेऊन जवळच्या किंवा सायबर पोलीस ठाण्यात जावे. रक्कम लहान आहे म्हणून जायचे टाळू नये. तुमच्या पाच हजारांची तक्रार आणि दुसऱ्या कोणाच्या पन्नास हजारांची तक्रार एकाच खात्यापाशी येऊन मिळू शकतात.

आणि त्यानंतरचे काही दिवस आणखी सावध राहावे लागते. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर त्या लोकांकडे असतोच. "मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवण्यासाठी एवढी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येतो. पोलीस किंवा बँक पैसे परत देण्यासाठी फी मागत नाहीत, आणि परतावा जमा करण्यासाठी कोडही पाठवत नाहीत. दुसरा सापळा आपण स्वतः शोधतो: घाबरून इंटरनेटवर पेमेंट ॲपचा किंवा बँकेचा 'कस्टमर केअर नंबर' शोधायचा आणि पहिला दिसेल तो लावायचा. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात, आणि पलीकडचा माणूस फोनमध्ये एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतो, ज्यातून त्याला तुमचा सगळा पडदा दिसू लागतो. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो. पेमेंट ॲपची मदत त्या ॲपच्या आतच, व्यवहाराच्या पानावर असते. फोन करायचा तो तिथूनच.